पंचेचाळीस टक्के कशाचे?

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका सोसायटीच्या जिन्यात तीन आकडे फिरत होते: 45, 40 आणि 36. पुनर्विकासासाठी आलेल्या तीन बिल्डरांनी जुन्या घरावर देऊ केलेल्या वाढीव जागेचे हे टक्के. इमारत 1979 सालची, दोन विंग, 32 घरं, लिफ्ट नाही, गच्चीवर गळती थांबवायला घातलेले पत्रे. बहुतेकांचा निकाल मनात लागून गेला होता. पंचेचाळीस देणारा दारात उभा असताना छत्तीसवाल्याचं कोण ऐकणार?

काही आठवड्यांनी त्याच 32 घरांत आठ पानांचं एक परिपत्रक पोचलं. टक्क्यांचा उल्लेख त्यात एकाच ओळीत होता: 'तिन्ही टक्के वेगवेगळ्या आधारावर काढलेले असल्याने त्यांची एकमेकांशी तुलना करता येत नाही.' पुढची सगळी पानं चौरस फूट, रुपये आणि महिने या तीनच मापांत होती. ते सोसायटीच्या सेक्रेटरी बाईंनी लिहिलं. त्या एका बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेल्या. सोसायटीचं आणि बिल्डरांचं नाव मी देत नाही, आकडेही ओळख पटू नये इतपत गोल केले आहेत. बिल्डरांना परिपत्रकात अ, ब, क म्हटलं होतं, तेच इथेही.

असा तक्ता करणं ही काही या सोसायटीची हौस नव्हती. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 79(अ)खाली राज्य सरकारने पुनर्विकासाचे निर्देश आधी 3 जानेवारी 2009 ला काढले आणि 4 जुलै 2019 ला सुधारले. निविदा मागवायच्या, त्या सर्वांसमक्ष उघडायच्या, प्रकल्प व्यवस्थापन सल्लागाराने, म्हणजे सगळे ज्याला पीएमसी म्हणतात त्याने, प्रस्तावांचा तुलनात्मक तक्ता करायचा आणि मग विशेष सर्वसाधारण सभेने विकासक निवडायचा, असा तो क्रम आहे. त्या निवडीच्या सभेला निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी हजर असतो आणि चित्रीकरण होतं. थोडक्यात, तक्ता प्रत्येक सोसायटीत असतोच. अडचण अशी, की तो बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरात, साठ-सत्तर ओळींचा असतो आणि प्रत्येक रकान्यात ज्या-त्या बिल्डरने स्वतःच्या शब्दांत जे लिहिलं तेच उतरवलेलं असतं. उतारा म्हणून तो अचूक असतो. पण तीन माणसांनी तीन वेगळ्या पट्ट्यांनी मोजलेली उंची शेजारी-शेजारी लिहिली, तर तिघांत उंच कोण ते कळत नाही.

या सोसायटीच्या पीएमसीने दिलेला तक्ता असाच होता. सेक्रेटरी बाईंनी तो बाजूला ठेवला आणि एकच नमुना घर घेतलं: दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्या-स्वयंपाकघराचं घर. वास्तुविशारदाकडून ते भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजून घेतलं. 450 चौरस फूट भरलं. मूळ करारात मात्र 425 लिहिले होते, कारण 25 फुटांची बाल्कनी होती आणि ती पुढे बंद करून खोलीत घेतली गेली होती. ही तफावत मुंबईतल्या त्या काळच्या इमारतींत घरोघरी सापडते आणि तिन्ही टक्क्यांचं कोडं इथूनच सुटायला लागलं.

अ ने 45 टक्के वाढ 450 वर धरली होती. म्हणजे साधारण 652 फूट. पण त्याच्या प्रस्तावात शब्द होता 'वापरण्याजोगे क्षेत्र', आणि जोडलेल्या नकाशात दिवाणखान्यापुढची बाल्कनी त्यात मोजलेली होती. रेरा कायद्याच्या व्याख्येप्रमाणे चटई क्षेत्र म्हणजे बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, त्या घरापुरती असलेली बाल्कनी किंवा व्हरांडा आणि उघडी गच्ची वगळून उरणारी जागा. घराच्या आतल्या भिंतींनी व्यापलेली जागा मात्र त्यात धरली जाते. नकाशावरची बाल्कनी 48 फुटांची होती. ती वजा करता अ चं घर 604 फुटांचं झालं. ब चे 36 टक्के मोजलेल्या 450 वर आणि सरळ रेरा चटई क्षेत्रात होते: 612 फूट. क चे 40 टक्के करारातल्या 425 वर होते: 595 फूट.

म्हणजे ज्याचा टक्का सगळ्यांत लहान, त्याचं घर सगळ्यांत मोठं. फरक फार नाही. 612 आणि 604 यांच्यात आठ फूट, एका लहान न्हाणीघराच्याही निम्म्याहून कमी. पण 45 आणि 36 यांच्यात जी दरी सगळ्यांना दिसत होती, ती मुळात नव्हतीच.

इथे बाईंनी आणखी एक गोष्ट केली. ती सहसा कुणी करत नाही. जुन्या घराचं मापही त्यांनी रेराच्या पद्धतीने पुन्हा काढून घेतलं. नव्या 612 मध्ये आतल्या भिंती आल्या आणि जुन्या 450 मध्ये त्या नसल्या, तर वाढ आहे त्यापेक्षा जास्त भासते. भिंती धरल्या तेव्हा जुनं घर 468 भरलं. तिन्ही प्रस्तावांची क्रमवारी त्याने बदलली नाही, पण प्रत्यक्ष वाढ 144, 136 आणि 127 फूट आहे हे लोकांना कळलं. 'एक खोली वाढते' असं धरून चाललेल्यांना ती खोली दहा बाय बाराचीच असेल आणि वर फारसं काही उरणार नाही, याचा अंदाज आला.

क वर मात्र अन्याय होऊ द्यायचा नव्हता. त्याला लेखी विचारलं, 425 का धरले? उत्तर आलं, की मंजूर नकाशात जेवढं क्षेत्र दिसतं तेवढंच पालिका विद्यमान क्षेत्र म्हणून मोजेल, बंद केलेल्या बाल्कनीचं काय होईल याची हमी मी आज देऊ शकत नाही. उत्तर वाजवी होतं. परिपत्रकात ते त्याच्याच शब्दांत छापलं, आणि हाच प्रश्न अ आणि ब लाही पाठवला. ब ने लिहिलं, की पालिकेने बाल्कनी मोजली नाही तरी 612 फूट देण्यास मी बांधील आहे. अ ने लिहिलं, 'मंजुरीच्या अधीन'. पण कमी बोलणारा माणूस कधी जास्त सावध असतो आणि कधी जास्त प्रामाणिक. कोणता बिल्डर त्यातला कोणता, हे परिपत्रकाने सांगायचं नसतं.

भाड्याच्या ओळीत खरा पीळ होता. नमुना घरासाठी अ देत होता दरमहा 48,000 रुपये, तिन्ही वर्षं तेवढेच. क चे 45,000, दर वर्षी 5 टक्के वाढ. ब चे 42,000, दर वर्षी 10 टक्के वाढ. प्रकल्प तिघांनीही 36 महिन्यांचा सांगितला होता. छत्तीस महिन्यांची बेरीज अ ची 17 लाख 28 हजार, क ची 17 लाख 2 हजार, ब ची 16 लाख 68 हजार. साठ हजारांचं अंतर तीन वर्षांत. ते पाहून कुणी मत बदलणार नाही.

बाईंनी खाली आणखी एक ओळ घेतली: प्रकल्पाला 12 महिने उशीर झाला तर. अ च्या मसुद्यात होतं, '36 महिन्यांपर्यंत भाडे, त्यानंतर परस्पर संमतीने.' क आणि ब दोघांनीही भोगवटा प्रमाणपत्र मिळून ताबा हातात पडेपर्यंत भाडं लिहिलं होतं, क ने तिसऱ्या वर्षाच्या दराने आणि ब ने वाढत्या दराने. अठ्ठेचाळीस महिन्यांचे आकडे असे पडले: ब 23 लाख 39 हजार, क 22 लाख 98 हजार, अ 17 लाख 28 हजार आणि पुढे 'नमूद नाही'. परस्पर संमती नावाच्या रकमेला परिपत्रकात शून्य लिहिलं नव्हतं, अंदाजही लिहिला नव्हता. जे प्रस्तावात नाही तिथे 'नमूद नाही'. हे दोन शब्द आठ पानांत अकरा ठिकाणी आले.

उशीर गृहीत धरणं म्हणजे बिल्डरवर अविश्वास, असा आक्षेप कमिटीतूनच आला. मला तो पटत नाही. गोरेगावच्या पत्राचाळीतली 672 कुटुंबं 2008 च्या करारानंतर घराबाहेर पडली, वाटेत भाडं थांबलं, 2018 मध्ये म्हाडाने करार रद्द केला आणि त्यानंतरही घराची वाट पाहणं संपलं नाही. सगळेच प्रकल्प तसे होतात असं नाही, आणि ते प्रकरण म्हाडाच्या जमिनीवरचं, वेगळ्या गुंतागुंतीचं. पण उशिराची ओळ तक्त्यात न घेणं म्हणजे तिन्ही बिल्डरांच्या वतीने 'उशीर होणार नाही' असं आपणच लिहून देणं.

कॉर्पसचंही तेच. अ 16 लाख, क 12 लाख, ब 10 लाख. पण अ यातले 10 टक्के विकास करारावर सह्या होताना, 20 टक्के घर रिकामं करताना आणि उरलेले 70 टक्के ताबा देताना देणार होता. म्हणजे सदस्य सामान घेऊन बाहेर पडतो त्या दिवशी त्याच्या हातात 4 लाख 80 हजार. ब निम्मे रिकामं करताना, निम्मे ताब्याला: 5 लाख. क सगळेच्या सगळे 12 लाख घर सोडण्याआधी. परिपत्रकात म्हणून कॉर्पसच्या दोन ओळी होत्या, एकूण किती आणि घर सोडताना हातात किती. व्याजदर धरून आजची किंमत काढता आली असती. बाईंना ते सहज जमलं असतं. त्यांनी काढली नाही, कारण कोणता व्याजदर धरायचा यावर पुन्हा वाद, आणि वाद झाला की तक्ता पक्षपाती ठरतो.

बेरजेची ओळही त्यांनी मुद्दाम टाळली. भाडं सदस्याच्या हातातून पुढच्या घरमालकाकडे जातं, कॉर्पस त्याच्याकडे राहतो. दोन्ही मिळवून एक मोठा आकडा लिहिणं सोपं, पण तो कुणाचाच आकडा नसतो. तरी पहिल्या मजल्यावरच्या एका काकांनी परिपत्रकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने बेरीज केलीच आणि ती घेऊन ते वर आले. "ताई, हे बघा. तीन वर्षांत संपलं तर अ पुढे, 33 लाख 28 हजार. वर्षभर लांबलं की तोच सगळ्यांच्या मागे." बाई म्हणाल्या, "काका, बेरीज बरोबर आहे. पण मी ती छापली असती तर लोक म्हणाले असते ताईंनी अ ला पाडलं."

सुरक्षेच्या पानावर मात्र कमिटीत खरोखरचं भांडण झालं. 2019 च्या निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटीची अपेक्षा आहे. अ ने बँक गॅरंटीऐवजी विक्रीच्या घरांतली 4 घरं सोसायटीकडे तारण ठेवायची तयारी दाखवली. ब ने 4 कोटींची गॅरंटी, क ने 20 टक्के म्हणजे त्याच्या हिशेबाने 8 कोटींची. बाईंनी तिघांना चार सारखे प्रश्न पाठवले. रक्कम किती, कोणती गोष्ट घडली तर सोसायटी ती वटवू शकते, ती कुठल्या तारखेपर्यंत चालू राहील, आणि काम पुढे जाईल तशी ती कमी होत जाते का. बँकेतल्या माणसाला हे चार प्रश्न झोपेतही सुचतील. सोसायट्यांच्या तक्त्यांत मात्र बहुतेक वेळा एकच शब्द असतो: 'आहे'.

उत्तरांतून बऱ्याच गोष्टी निघाल्या. अ च्या चार घरांचे क्रमांक आणि मजले ठरलेले नव्हते. ब ची गॅरंटी 24 महिन्यांची होती आणि प्रकल्प 36 चा. क ची गॅरंटी सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचं प्रमाणपत्र, मिळाल्यावर मिळणार होती. घरं रिकामी करून इमारत पाडायची ती त्याआधी, म्हणजे सदस्य सगळ्यांत उघड्यावर असतात त्या काही महिन्यांत हातात गॅरंटी नाही. मसुद्यात बाईंनी अ समोर लिहिलं होतं: 'इमारत उभी राहिल्याशिवाय ही घरे अस्तित्वात येत नाहीत.' एक कमिटी सदस्य चिडले. वाक्य खरं असलं तरी ते अ च्या विरोधातलं आहे, परिपत्रक तटस्थ हवं, ते काढा.

वाक्य काढलं असतं तर अ च्या रकान्यात 'सुरक्षा: 4 घरे' एवढंच उरलं असतं. वाचणाऱ्याला ते 4 कोटींच्या गॅरंटीएवढंच भारी वाटलं असतं. माहिती गाळणं हीसुद्धा एक बाजू घेणंच आहे, फक्त ते कुणाच्या लक्षात येत नाही. अखेर तोडगा निघाला तो असा: प्रत्येक प्रस्तावासमोर 'या सुरक्षेची मर्यादा' अशी एकेक ओळ, तिन्ही सारख्या लांबीच्या. अ समोर वरचं वाक्य राहिलं. ब समोर आलं, 'मुदत प्रकल्पाच्या मुदतीपेक्षा 12 महिन्यांनी कमी आहे.' क समोर, 'घरे रिकामी केल्यापासून सीसी मिळेपर्यंतच्या काळात लागू नाही.' आणि सगळ्यांसाठी मिळून एक टीप: ब च्या पहिल्या वर्षाच्या दराने 32 घरांचं भाडं महिन्याला 13 लाख 44 हजार होतं, म्हणजे 4 कोटी हे सुमारे अडीच वर्षांचं भाडं आहे, अर्धवट राहिलेली इमारत पूर्ण करण्याचा खर्च त्यात धरलेला नाही. अशीच टीप 8 कोटींवरही होती.

भाषेची चाळणी त्यानंतर लागली. 'नामांकित', 'आकर्षक', 'भरघोस', 'केवळ', 'तब्बल' हे सगळे शब्द गेले. 'केवळ 36 टक्के' आणि 'तब्बल 45 टक्के' असं लिहिलं की पुढचं कुणी वाचतच नाही. बिल्डरची प्रतिष्ठा सांगायची तर महारेराच्या नोंदणीतले त्याचे प्रकल्प, त्यांतल्या प्रत्येकाची मूळ दिलेली मुदत आणि वाढवून घेतलेली मुदत. ते संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. अ चे प्रकल्प सर्वांत जास्त होते, ही गोष्ट त्याच्या बाजूची होती आणि ती तशीच ठळक छापली. प्रस्तावांचा क्रम निविदा उघडल्या त्या क्रमाने. परिपत्रक मराठीत आणि गुजरातीत, कारण इमारतीत दोन्ही भाषांची घरं आहेत.

शेवटच्या पानावर दोन खुलासे होते. कमिटीतल्या कुणाचाही तिन्ही विकासकांशी नातेसंबंध वा व्यवहार नाही, याखाली सगळ्यांच्या सह्या. आणि पीएमसीचं शुल्क निवडला जाणारा विकासक भरून देणार आहे, ही माहिती. पद्धत सर्रास आहे आणि त्यात बेकायदा काही नाही. पण तक्ता करणाऱ्याचे पैसे अखेर कुठून येतात, हे तक्ता वाचणाऱ्याला ठाऊक असावं. पीएमसीला ते आवडलं नाही असं ऐकलं.

एक गोष्ट कोणताही तक्ता ठरवू शकत नाही: दिलेला शब्द परवडणारा आहे का. जादा जागा कुठून येते? मुंबईच्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 मध्ये, विनियम 33(7)(ब) खाली, जुन्या सोसायटीला विद्यमान बांधकाम क्षेत्राच्या 15 टक्के किंवा घरामागे 10 चौरस मीटर, यांतलं जे जास्त ते प्रोत्साहन म्हणून मिळतं. त्यात प्रीमियम भरून घेतलेला एफएसआय, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे विकत आणलेला टीडीआर आणि वरचा 35 टक्के फंजिबल. या साऱ्यातून सदस्यांची घरं देऊन जे उरेल ते विकून बिल्डरने खर्च आणि नफा काढायचा. गणिताचे घटक तिघांनाही सारखेच. म्हणून एकाचा प्रस्ताव इतरांहून फार वर गेला, तर त्याने काहीतरी वेगळं गृहीत धरलेलं असतं. बाईंनी तिघांकडून गृहीत धरलेला एकूण एफएसआय लेखी मागितला. ब आणि क चे आकडे जवळपास जुळले. अ चा जास्त होता. तळटीप वाचली तेव्हा कळलं, की शेजारची सोसायटी सामील होऊन दोन भूखंड एकत्र होतील असं त्याने धरलं आहे. शेजारच्यांशी त्याचं बोलणं चालू होतं, ठराव झालेला नव्हता. परिपत्रकात ओळ आली: 'एकत्रीकरण न झाल्यास सुधारित प्रस्ताव देऊ, असे विकासकाने कळवले आहे.' अट होती, तर अट म्हणून छापली, एवढंच.

परिपत्रक सभेच्या 14 दिवस आधी प्रत्येक घरी पोचवून सही घेतली गेली. या दोन आठवड्यांत आलेले प्रश्न एकत्र करून तिन्ही बिल्डरांना एकाच दिवशी पाठवले, उत्तरं एकाच दिवशी मागितली आणि पुरवणी म्हणून वाटली. त्यात ब ने भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत गॅरंटीचं नूतनीकरण करत राहायचं लेखी मान्य केलं. क ने घरं रिकामी होण्याआधी 2 कोटींची तात्पुरती गॅरंटी देऊ केली. अ ने उशिराच्या काळात 48,000 भाडं चालू ठेवायची तयारी दाखवली, पण सहा महिन्यांपुरती. माझ्या मते परिपत्रकाची खरी कमाई ही. सारखे प्रश्न सगळ्यांसमोर विचारले गेले, म्हणून तिन्ही प्रस्ताव सभेआधीच सुधारले. मागच्या दाराने, एकेका कमिटी सदस्याला गाठून, यातलं काही मिळालं नसतं. मिळालं असतं तरी ते कुणा एकालाच माहीत असतं.

सभेसाठी दोन तृतीयांश, म्हणजे 22 सदस्यांची उपस्थिती लागत होती. 27 आले. एकूण सदस्यांच्या 51 टक्के, म्हणजे किमान 17 मतं हवी होती. ब ला 18 पडली, क ला 7, अ ला 2. क ला मत दिलेल्यांपैकी बहुतेक वयस्कर होते, घर सोडताना पूर्ण कॉर्पस हातात येणं त्यांना आठ-दहा फुटांपेक्षा मोलाचं वाटलं. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही. एकाच तक्त्यातून दोन शहाणी माणसं दोन उत्तरं काढू शकतात.

निवडीनंतर ब च्या वकिलांकडून विकास कराराचा मसुदा आला. भाड्याच्या कलमात 'ताबा मिळेपर्यंत' होतं, दर वर्षीची 10 टक्के वाढ मात्र पहिल्या तीन वर्षांपुरतीच लिहिली होती, आणि गॅरंटीच्या नूतनीकरणाचं कलमच नव्हतं. बाईंनी परिपत्रक, पुरवणी आणि ब ची सही असलेली उत्तरं कराराला परिशिष्ट म्हणून जोडायचा आग्रह धरला, आणि दोन्हींत विसंगती असल्यास परिशिष्ट मानले जाईल असं एक कलम घालायला लावलं. वकिलांनी तीन आठवडे घेतले. शेवटी भाड्याचं कलम दुरुस्त होऊन आलं, गॅरंटीच्या नूतनीकरणाचं आणि परिशिष्टाचं कलमही आलं, आणि त्यानंतरच करार नोंदणीला गेला.